झोप येत नाही? आधी रक्त तपासा, मग गोळी घ्या

आमच्या वस्तीतल्या एका ताईंना चार महिने झोप नव्हती. चार घरची धुणीभांडी करून रात्री अंग टाकलं की पायांत काहीतरी वळवळायचं. उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, आडवं झालं की पुन्हा तेच. कुणी म्हणालं, "व्हिटॅमिन डी कमी असेल." औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटच्या पुड्या आणल्या आणि रोज एक, अशा दहा घेतल्या. ही पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान लागते आणि किडनीला इजा होऊ शकते. ताईंना मळमळ सुरू झाली, तेव्हा कुठे त्या माझ्याकडे आल्या.

डॉक्टरांनी पुड्या बंद करून कॅल्शियम तपासलं. सुदैवाने ते ठीक निघालं. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे "रक्त चांगलं आहे" असंच कुणीही म्हणालं असतं. पण फेरिटिन निघालं 9. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. घरातलं पीठ संपलं तरी परातीत भाकऱ्या दिसतात, तसं आहे हे: साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. पायांची ही तळमळ असेल तर फेरिटिन 75 पर्यंत असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. ताईंना दिवसाआड लोहाची गोळी मिळाली, चहापासून दोन तास लांब ठेवून. दोन-अडीच महिन्यांत पाय शांत झाले.

व्हिटॅमिन डीला मी मोडीत काढत नाही. अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या, दिवसभर आत काम करणाऱ्या आपल्या बायकांमध्ये ते बरेचदा कमीच असतं, आणि झोप नीट नसलेल्यांमध्येही कमी आढळतं. पण ते कमी आहे म्हणून झोप गेली, असं त्यावरून ठरत नाही. पुड्या घेऊन झोप येईलच, याचीही खात्री नाही. पैसे एकाच तपासणीचे असतील आणि पायांची तळमळ असेल, तर मी फेरिटिनच करायला सांगेन. फक्त ताप किंवा जंतुसंसर्ग असताना करू नका. तेव्हा आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

अंदाजाने लोहही घेऊ नका. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बरंच आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी असतं, पण लोह पुरेसं असू शकतं. वरून गोळ्या घेत राहिलं तर ते शरीरात साचतं. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. हिमोग्लोबिनही तिथे बघतात. फेरिटिन मात्र मागितल्याशिवाय सहसा कुणी लिहीत नाही, आणि ही गोष्ट मला खटकते. रात्री पायांना काय होतं ते डॉक्टरांना नीट सांगा आणि विचारा, "माझं फेरिटिन बघायचं का?"