तळपाय उलटा करून पाहा

आज रात्री झोपण्याआधी पाय स्वच्छ धुवा, पुसा आणि दिव्याखाली बसून तळपाय उलटा करून पाहा. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा, आणि आजी-आजोबांचे पाय तुम्ही पाहा. तिथे एखादा काळा-तपकिरी डाग दिसला आणि तो आधी नव्हता किंवा एवढा नव्हता असं वाटलं, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठीच आहे.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हाने भाजणाऱ्या अंगावर दिसतो. आपल्याकडे तो मुळात दुर्मीळ आहे. पण झालाच तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचत नाही तिथे. आणि नेमकं तिथेच आपण कधी पाहत नाही. तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग, असं म्हणून कौतुकही करतो.

घाबरून जाऊ नका. अंगावरचे बहुतेक सगळे तीळ निरुपद्रवी असतात. साधा तीळ लहानपणी किंवा तरुणपणी येतो, गोल किंवा लंबगोल असतो, एकाच रंगाचा असतो, त्याची कड स्वच्छ असते. मनातल्या मनात त्याची मधोमध घडी घातली तर दोन्ही अर्ध एकमेकांवर बसतात. तोही बदलतो, पण वर्षानुवर्षांच्या चालीने: सपाट असतो तो हळूहळू उंच होतो, त्यावर केस येतो, म्हातारपणी फिका पडतो. शिवाय एकाच माणसाचे तीळ एकमेकांसारखे असतात, भावंडांसारखे. त्यांत एकच उपरा वाटणारा असेल तर त्याच्याकडे बोट दाखवा.

बिघडणारा तीळ महिन्यांच्या हिशेबाने बदलतो. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या अनेकांची कहाणी थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून त्या सगळ्यांची मिळून एक सांगतो. पन्नाशी उलटलेली बाई, शेतात अनवाणी वावरणारी. श्रावणात टाचेच्या आतल्या बाजूला तिळाच्या दाण्याएवढा डाग दिसला. लावणीत काटा रुतला असेल, म्हणून सोडून दिलं. दिवाळीला पायाला उटणं लावताना तो शेंगदाण्याएवढा झालेला; एक बाजू गोल, दुसरी सांडलेल्या शाईसारखी पसरलेली. संक्रांतीपर्यंत मधे काळाकुट्ट, कडेला तपकिरी आणि एका कोपऱ्यात राखाडी. दुखत काहीच नव्हतं. कुरूप असेल म्हणून मेडिकलमधून पट्टी आणून लावली. वरची कातडी सोलून निघाली, रंग मात्र तसाच. शिमग्याला मधे गाठ उठली, चालताना रक्त येऊ लागलं, आणि जांघेत अवधाण आलं तेव्हा ती दवाखान्याची पायरी चढली.

यात घड्याळ कुठे थांबवता आलं असतं? दिवाळीला. तेव्हाच डागाचे दोन अर्ध जुळत नव्हते, कड एका बाजूला विरघळली होती आणि शिसपेन्सिलीच्या मागच्या रबराएवढं, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरचं, माप त्याने ओलांडलं होतं. रंगांची सरमिसळ पुढची. पण या सगळ्यांहून मोठी खूण म्हणजे श्रावण ते दिवाळी या तीन महिन्यांत तो इतका बदलला ही. दुखणं ही खूण नव्हे. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि तिथेच फसतो.

तुम्हाला नुसतीच शंका असेल, बदल झालाय की भास आहे हे कळत नसेल, तर फोटो काढून ठेवा. खिडकीजवळच्या उजेडात, डागाशेजारी पट्टी ठेवून, दरवेळी त्याच अंतरावरून. दर महिन्याची तारीख लक्षात राहत नसेल तर संकष्टी धरा, ती कुणी विसरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत फरक दिसला की पुढच्या संकष्टीची वाट पाहू नका. आणि चाळिशीनंतर तळपायावर नवा डाग उगवला, आत्ताच वाढतोय असं दिसलं किंवा त्यातून रक्त आलं, तर फोटोंच्या भानगडीत न पडता सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

नखाचं थोडं वेगळं आहे. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच रोग सापडला. आधी तो फुटबॉल खेळताना लागलेला मार समजला गेला होता. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. मार की रोग, हे घरीही बरंचसं ताडता येतं. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत काळ्या डागामागे मुळाशी तीनेक मिलिमीटर स्वच्छ नख दिसायला हवं. तसं न दिसता मुळापासून टोकापर्यंत काळा पट्टा तसाच राहिला, रुंद होत गेला किंवा त्याचा रंग नखाशेजारच्या कातडीवर उतरला, तर तो मार नव्हे असंच धरून चाला. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर फिकट, बारीक, वर्षानुवर्षं तशाच राहणाऱ्या रेषा असतात, त्यांची चिंता नको. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने आलेली रेष मात्र दाखवायलाच हवी.

डॉक्टर डरमोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतील. तळपायाची कातडी जवळून नांगरलेल्या शेतासारखी दिसते, सरी आणि वरंबे. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांत साठतो. वरंब्यांवर पसरलेला रंग संशयाचा. हा निवाडा नुसत्या डोळ्यांनी घरी करू नका. काही मेलॅनोमा तर काळे नसतातच, गुलाबी गाठीसारखे किंवा न भरणाऱ्या जखमेसारखे दिसतात.

आता हात जोडून एक विनंती. अशा डागाला चुना-सोडा लावू नका, दोरा बांधू नका, ब्लेडने तासू नका, पार्लरमध्ये जाळून घेऊ नका. तो जाळला की वरून गेल्यासारखा दिसतो, पेशी आत राहतात आणि तपासायला काही उरत नाही. संशय आला तर डॉक्टर बहुतेक वेळा भूल देऊन पूर्ण डाग, कडेची एक-दोन मिलिमीटर चांगली कातडी घेऊन, काढतात. डाग मोठा असेल तर त्यातला तुकडा घेतात. ‘सुई लागली, कात्री लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती खोटी आहे. वेळ दवडल्याने तो पसरतो, आणि आडव्या पसरण्याहून खोल जाणं जास्त धोक्याचं. खोली एका मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. चारच्या पुढे गेला की गणित फार अवघड होतं.

म्हणून अंगावरून काढलेला कुठलाही तीळ, कितीही साधा म्हणाले तरी, कचऱ्यात जाऊ देऊ नका. तो तुकडा बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, रिपोर्ट हातात घ्या आणि मेलॅनोमा असं लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा: खोली किती मिलिमीटर?