वारीला घर हवे आहे : विठ्ठलाचे लंडन आणि दिल्लीतील मुरुगनाची टेकडी

नवी दिल्ली : पंढरपूरहून निघालेल्या विठ्ठलाच्या पादुका २०२५ च्या उन्हाळ्यात रस्तामार्गाने वीसहून अधिक देश ओलांडून लंडनला पोहोचल्या, तेव्हा त्या प्रवासाचे मोठे कौतुक झाले. या प्रवासामागे असलेला संकल्प मात्र बातम्यांच्या शेवटच्या परिच्छेदात राहिला. ब्रिटनमध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे कायमस्वरूपी मंदिर उभारायचे, असा तो संकल्प आहे. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाने सहसा मंदिर बांधलेले नाही. त्याने मंडळे काढली, शाळा चालवल्या, नाटके बसवली आणि दरवर्षी दहा दिवस गणपती आणला. त्यामुळे हा संकल्प मराठी स्थलांतराच्या वळणातच एक बदल घडवू पाहतो आहे. देव कायमचा वसवणे म्हणजे नेमके काय पत्करणे, हे पाहायला लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. दक्षिण दिल्लीतील रामकृष्णपुरमपर्यंत जाणे पुरेसे आहे.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या वसाहतीत अरवलीच्या खडकाळ टेकडीवर ‘उत्तर स्वामीमलै’ मंदिर आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथील मुरुगनाचे, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचे, हे उत्तरेतील रूप. दिल्लीत तमिळ माणूस नवा नव्हता. मद्रासी मुलांसाठीची शाळा १९२३ मध्येच सुरू झाली होती आणि करोल बागेत इडली-डोशाचा वास कधीच मुरला होता. परंतु नोकरी संपली की गावी परतायचे, या हिशेबाने राहणाऱ्यांना शाळा आणि खानावळ पुरते. मंदिराची पायाभरणी १९६५ मध्ये मद्रासचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. भक्तवत्सलम यांच्या हस्ते झाली आणि कुंभाभिषेक १९७३ मध्ये. एव्हाना पहिल्या पिढीची मुले दिल्लीतच शिकून नोकरीला लागू लागली होती.

गर्भगृहाचे बांधकाम सुमारे ९०० शिळांचे आहे. टेकडी दिल्लीची असली तरी बांधणी चोल वळणाची आहे आणि पूजाविधी तमिळ देशातील आगमांप्रमाणे चालतो. पुढे त्याच परिसरात सुंदरेश्वर आणि मीनाक्षी यांची मंदिरे झाली; त्यांचा कुंभाभिषेक १९९० मधला. म्हणजे स्वामीमलैबरोबर मदुराईही टेकडीवर आली. गावाकडे शेकडो किलोमीटरच्या अंतराने विखुरलेली दैवते परक्या शहरात एका आवारात येतात, ही स्थलांतरितांच्या मंदिरांची जुनी खूण आहे. तंजावरकडचा आणि मदुराईकडचा माणूस गावी एकमेकांना परका असतो. दिल्लीत दोघेही ‘मद्रासी’ ठरतात आणि मंदिरही त्याच मापाने आकार घेते.

जागा आपली होणे म्हणजे काय, हे या मंदिराच्या नावात दिसते. तमिळमध्ये ‘मलै’ म्हणजे डोंगर. दिल्लीच्या रिक्षावाल्याने मात्र त्याचे सरळ ‘मलाई मंदिर’ केले. त्याला दुधावरची साय ठाऊक आहे, स्वामीमलै नाही. तरी पत्ता सांगताना तो हेच नाव घेतो. नाव अर्थाने हरवले आणि ठिकाण म्हणून रुजले. मराठी पाहुण्याला इथे आणखी एक गोष्ट चकित करते. महाराष्ट्रात स्त्रियांनी कार्तिकस्वामीचे दर्शन टाळण्याची रूढी अजून अनेक घरांत आहे. तमिळ परंपरेत तसे काही नसल्याने येथे बायका रोजच पायऱ्या चढतात.

हे सारे टिकवण्याची किंमत रोजची आहे. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती एक दिवसही उपाशी ठेवता येत नाही. पहाटे देव उठवण्यापासून रात्री निजवण्यापर्यंतची पूजा, नैवेद्याचे स्वयंपाकघर, आगम शिकलेले पुजारी आणि परंपरेप्रमाणे दर १२ वर्षांनी जीर्णोद्धारासह पुन्हा कुंभाभिषेक, एवढे बंधन समाजाने स्वतःवर घालून घेतलेले असते. या १२ वर्षांच्या चक्राचा एक व्यावहारिक परिणाम होतो. प्रत्येक पिढीला निदान दोनदा वर्गणी गोळा करावी लागते आणि आपण अजून एक समाज आहोत काय, हे तेव्हा उघड होते.

मलै मंदिराची शिळा रचली जात होती, त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातही असाच प्रयत्न चालू होता. संयुक्त राष्ट्रांतील अधिकारी अलगप्पा अलगप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ जानेवारी १९७० रोजी हिंदू टेंपल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका ही संस्था नोंदवली. फ्लशिंगमधील बाउन स्ट्रीटवरचे एक जुने रशियन ऑर्थोडॉक्स चर्च विकत घेतले आणि ४ जुलै १९७७ रोजी तेथे महावल्लभ गणपतीचा कुंभाभिषेक केला. एक तारीख भारताच्या प्रजासत्ताकाची, दुसरी अमेरिकेच्या स्वातंत्र्याची. तळघरातील उपाहारगृहाचा डोसा खायला आज देवाशी देणेघेणे नसलेले न्यूयॉर्ककरही येतात आणि २०२२ मध्ये महापालिकेने त्या रस्त्याला ‘गणेश टेंपल स्ट्रीट’ असे जोडनाव दिले.

या मंदिराच्या इतिहासाचा कमी सांगितला जाणारा भाग न्यायालयात घडला. भारतीय कायद्यात देव स्वतः मालमत्तेचा धनी असू शकतो. न्यूयॉर्कच्या कायद्यात मंदिर म्हणजे एक धार्मिक महामंडळ, आणि महामंडळ म्हटले की प्रश्न येतो : याचे सभासद कोण? विश्वस्त आपले वारस आपणच नेमतात, निवडणूक होत नाही, अशी तक्रार घेऊन काही भाविक न्यायालयात गेले. वाद अनेक वर्षे चालला आणि २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचला. हिंदू देवळात भाविक असतो. तो येतो, हात जोडतो, जातो. त्याचे नाव कोणत्याही वहीत नसते. वर्षाला किती देणगी दिली की भाविकाचा सभासद होतो, हा प्रश्न आगमात नाही. तो यजमान देशाच्या कायद्याने विचारला. परदेशातील देवळे फुटतात ती बहुधा पूजेवरून फुटत नाहीत. ती घटना, सभासदयादी आणि जमाखर्च यांवरून फुटतात. भांडणाची पहिली खूण म्हणजे वार्षिक सभा पुढे ढकलली जाणे.

मराठी माणसाने हा मार्ग इतकी वर्षे का टाळला असावा? त्याचे दैवतव्यवहार प्रवासाला सोयीचे होते, हे एक उत्तर संभवते. गणपती मातीचा येतो, आवाहनाने बसतो आणि विसर्जनाने जातो. उरलेले वर्षभर त्याची जबाबदारी कोणावर नसते. भाड्याचे सभागृह पुरते. वारकऱ्यासाठी पंढरपूर एकच आहे आणि ते चालत जायचे ठिकाण आहे. दिल्लीतही पहाडगंजात मराठी माणसाने उभे केले ते बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. मंडळ भाषेवर जगते, आणि म्हणून भाषा गेली की तेही जाते. नाटक कळत नाही अशी मुले प्रेक्षागृहात येत नाहीत. देवळात मात्र भाषा न येणारेही येतात.

मॉरिशस याचा दाखला देते. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या, विशेषतः कोकणातल्या घरांच्या, वंशजांची रोजची बोली आज क्रिओल आहे. मराठी शाळेत विषय म्हणून शिकली जाते. तरीही गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि गणपतीपुढे ‘झाकरी’ नाचली जाते. रत्नागिरी-रायगडच्या वाचकाला ती ओळखायला वेळ लागणार नाही. ती त्याची जाखडीच आहे. भाषा विरली तरी देवापुढचे पाऊल टिकले. ऊसमळ्यातल्या मजुराकडे प्रेक्षागृह भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. त्याच्याकडे देव आणि ढोलकी होती.

लंडनमधील संकल्पकर्त्यांना या दोन्ही इतिहासांतून वाट काढायची आहे. पहिला प्रश्न जागेचा. इंग्लंडमध्ये एखादी इमारत विकत घेतली म्हणून ती प्रार्थनास्थळ होत नाही. वापर बदलण्यास स्थानिक परिषदेची नियोजन परवानगी सहसा लागते आणि तिथे वाहनतळ, गोंगाट, गर्दी हे मुद्दे निघतात. वॉटफर्डजवळील भक्तिवेदांत मॅनर ही वास्तू जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये इस्कॉनला दिली. जन्माष्टमीला हजारो लोक लहानशा गावाच्या रस्त्यांवरून येऊ लागल्यावर परिषदेने सार्वजनिक पूजेला हरकत घेतली. १९९४ मध्ये बंदी लागू झाली, लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला आणि अखेर १९९६ मध्ये गावाला वळसा घालणाऱ्या स्वतंत्र रस्त्याच्या तोडग्यावर परवानगी मिळाली. एरवी रिकामे दिसणारे देऊळ वर्षातून एका दिवशी भरून वाहते, आणि शेजाऱ्याची तक्रार त्या एका दिवसाची असते. विठ्ठलाच्या बाबतीत तो दिवस आषाढी एकादशीचा असेल. जागा निवडताना किंमतीइतकाच रस्त्याचा विचार न केल्यास वीस वर्षांचा झगडा पदरी येऊ शकतो.

दुसरा प्रश्न पुजाऱ्याचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. भारतातून पुजारी नेण्यासाठी व्हिसा लागतो, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा आणि पुरस्कर्ती संस्था लागते. ते जमले तरी कोणाला न्यायचे? पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपले, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. तेथे भाविक थेट देवाच्या पायावर डोके ठेवतो. लंडनच्या देवळात हे पदस्पर्शदर्शन असेल, की गाभाऱ्यापुढे कठडा असेल? पूजा कोण करील, आणि समिती कोणाच्या मताने निवडली जाईल? परदेशातली मंदिरे बहुधा सुस्थित व्यावसायिकांच्या देणग्यांवर उभी राहतात आणि देणगीदारांची आवड गाभाऱ्यापर्यंत पोहोचते. वारीत मोठा देणगीदार असा कोणी नसतो. दिंडीत शिस्त असते, पण तिकीट नसते.

पादुका लंडनला पोहोचल्या आहेत. जागेचा करार, नियोजन परवानगी आणि संस्थेच्या घटनेतील सभासदत्वाचे कलम या तीन कागदांकडे आता पाहावे लागेल. यांपैकी तिसऱ्या कागदाकडे सहसा सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तो मूर्ती बसण्यापूर्वी लिहून झाला तर बरे, कारण प्राणप्रतिष्ठेनंतर देव रोज जेवायला बसतो आणि वाद मिटेपर्यंत थांबत नाही.