नोटीस कधीपासून मोजायची, काकू?

मल्हारगंजात पीजी बघायला गेलो की नळ किती वाजता येतो, गेट किती वाजता बंद होतं, सगळं विचारतो. ‘सेमिस्टरच्या मध्येच सोडावं लागलं तर?’ हे मात्र तोंडातून निघत नाही. आल्या आल्या जाण्याची भाषा कशी करायची! माझं म्हणणं, डिपॉझिट हातात ठेवण्याआधीच हे विचारावं आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावं.

माझ्या मैत्रिणीचंच बघा. महिन्याचे 7,000 रुपये, त्यात राहण्याचे 4,500 आणि जेवणाचे 2,500. डिपॉझिटही 7,000. घरी अडचण आली म्हणून तिनं 10 ऑक्टोबरला व्हॉट्सॲपवर कळवलं आणि 31 तारखेला खोली सोडली. पावतीवर फक्त ‘एक महीना नोटिस’ असं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "महिना एक तारखेपासूनच धरतात. नोव्हेंबर पूर्ण लागेल, डिपॉझिट त्यातच गेलं."

आम्ही दोघी जाऊन बसलो. "काकू, एक तारखेपासून असं कुठे लिहिलंय? दहापासून महिना नऊ नोव्हेंबरला पुरा होतो. नऊ दिवसांचं भाडं घ्या, पण न खाल्लेल्या जेवणाचे पैसे कसे?" रोजचे 150 म्हणजे नऊ दिवसांचे 1,350, विजेचे 250. कुरकुरत का होईना, 5,400 परत आले. तो मेसेज नसता तर ‘दहा तारखेला सांगितलं’ हे सिद्ध करणं कठीण होतं.

काकूंची बाजूही आहे. प्रवेश जुलै-ऑगस्टात आटोपतात, ऑक्टोबरात रिकामा झालेला पलंग कित्येकदा पुढच्या वर्षापर्यंत तसाच राहतो. म्हणून महिन्याची नोटीस मागणं मला रास्त वाटतं. ‘मध्ये सोडलं तर डिपॉझिट जप्त’ हे सरसकट कलम मात्र नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती त्या आकड्याच्या वर जात नाही. 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुकसानच झालं नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. म्हणजे आठवड्याभरात त्याच पलंगावर दुसरी मुलगी आली, तर दोघींकडून त्याच दिवसांचं भाडं घेणं पटण्यासारखं नाही. पलंग खरोखर रिकामा राहिला, तर मात्र आपली बाजू लंगडी पडते.

तेव्हा विचारायचं ते इतकंच: नोटीस सांगितल्या दिवसापासून की एक तारखेपासून? मध्येच कोणी आलं तर उरलेलं भाडं परत? डिपॉझिट किती दिवसांत? बोलून भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राहण्या-जेवणाची सोय ‘सेवा’ या शब्दातच येते. पण तिथेही पहिल्यांदा मागतात ती पावतीच.