वीस टक्क्यांचा फ्लॅट

‘चाळीस लाख घातले, साठ लाख आले, म्हणजे पन्नास टक्के नफा,’ असं फ्लॅट विकणारा माणूस सांगतो. त्याचा थोडा हिशेबी मेहुणा पन्नासाला सहा वर्षांनी भागतो आणि सव्वाआठ टक्क्यांवर येतो. त्यांच्याहून शहाणा कुणी लॅपटॉप उघडतो, आयआरआरचं सूत्र घालतो आणि जाहीर करतो, ‘वीस टक्के!’ तिघांचीही बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, तरी यातला एकही आकडा वार्षिक परतावा नव्हे.

समजा, पुण्यात बांधकाम चालू असलेला एक फ्लॅट घेतला. पैसे स्लॅबप्रमाणे गेले, मग काम रखडलं, ताबा उशिरा मिळाला आणि पुढे फ्लॅट विकला. पावत्या अशा :

```
     A            B
1  15-06-2018   -500000
2  10-10-2018  -1000000
3  05-03-2019  -1000000
4  20-12-2021  -1500000
5  15-06-2024   6000000

=IRR(B1:B5)         19.96%
=XIRR(B1:B5,A1:A5)   9.37%
```

पहिलं सूत्र तारखांच्या रकान्याकडे बघतच नाही. एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर ते एकसारखं धरतं. त्यामुळे पहिल्या दोन हप्त्यांमधले जेमतेम चार महिने आणि ताब्याआधी काम अडकलं ती पावणेतीन वर्षांहून अधिकची मुदत त्याच्या लेखी सारखीच. त्याचे वीस टक्के दर वर्षाचे नसून दर ओळीचे आहेत, आणि इथे एक ओळ म्हणजे सरासरी दीड वर्ष. मधल्या महिन्यांच्या ओळी घालून त्या कोऱ्या ठेवल्या तरी काही साधत नाही, कारण हे सूत्र कोऱ्या चौकटी गाळून टाकतं. तिथे शून्य लिहावं लागतं.

एक्सआयआरआर प्रत्येक रक्कम पहिल्या तारखेपासून किती दिवसांनी गेली किंवा आली ते मोजतं आणि त्या दिवसांना ३६५ ने भागतं. मग असा वार्षिक दर शोधतं, की त्या दराने सगळ्या रकमा पहिल्या तारखेला आणल्या तर येणं आणि जाणं तंतोतंत फिटावं. हा दर थेट निघत नाही. सूत्र एका अंदाजापासून सुरू करून पुन्हा पुन्हा दुरुस्त करत त्याच्यापाशी पोचतं. आपण अंदाज दिला नाही तर ते दहा टक्के धरतं. मोठा तोटा झालेल्या व्यवहारात कधी कधी ते `#NUM!` म्हणून हात टेकतं किंवा शून्याला चिकटलेला विचित्र आकडा दाखवतं. अशा वेळी तिसऱ्या जागी `-0.1` असा उणे अंदाज देऊन पाहावा. मात्र सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तर अंदाज बदलून उपयोग नाही. गेलेल्या पैशाला उणे चिन्ह लावायचं राहून गेलंय, हे समजावं.

खरा घात तारखा करतात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ मार्च म्हणून लिहिलेली `05-03-2019` मुकाट्याने ३ मे होते. `15-06-2018` मध्ये पंधरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न राहता नुसता मजकूर होते आणि उत्तराच्या जागी `#VALUE!` येतं. ही दुसरी चूक ओरडून सांगते, पहिली गप्प बसते. चौकटीत डावीकडे चिकटलेली तारीख दिसली, की ती बहुधा मजकूर आहे असं ओळखावं. `=DATE(2019,3,5)` असं लिहिलं तर गोंधळाला जागाच उरत नाही.

वरचे ९.३७ टक्केसुद्धा पूर्ण खरे नाहीत, कारण यादीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च नाही. तो अडीच लाख धरून १० ऑक्टोबर २०१८च्या रकमेत मिळवला, की उत्तर सुमारे ७.८ टक्क्यांवर येतं. सोसायटीची देखभाल, दलाली आणि विक्रीवरचा कर अजून बाहेरच आहेत. उलट ताब्यानंतर भाडं मिळालं असेल तर तेही त्या त्या तारखेला अधिक चिन्हाने आलं पाहिजे. सूत्र फक्त दिलेल्या ओळींचा हिशेब करतं. ओळ गाळणाऱ्याला ते पकडू शकत नाही.

आणखी एका ठिकाणी हे सूत्र फसवं ठरतं. लाख रुपये महिनाभरात एक लाख दोन हजार झाले, तर एक्सआयआरआर २७ टक्क्यांच्या पुढचा आकडा दाखवतं, कारण तीस दिवसांची कमाई वर्षभर तशीच चालत राहील असं ते गृहीत धरतं. वर्ष पूर्ण न झालेल्या गुंतवणुकीबद्दल ‘इतके टक्के एक्सआयआरआर’ असं कुणी सांगितलं, तर प्रत्यक्ष किती दिवसांत किती रुपये वाढले तेवढंच विचारावं.