पेनड्राइव्हवरचा गेम उशिरा का उघडतो?

सुट्ट्या जवळ आल्या की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. लॅपटॉपमधली जागा संपली आहे, मुलाने ईदीच्या पैशांतून पेनड्राइव्ह आणला आहे, त्यावर गेम ठेवला तर चालेल का? चालतो. पण उघडायला किती वेळ लागेल, हे तीन गोष्टींवर ठरते: आतली वस्तू कोणती, ती कोणत्या खाचेत लावली, आणि गेम एका वेळी किती माहिती मागतो.

हिशेब करून पाहू. समजा, एखादी पातळी सुरू होताना गेमला ४ जीबी, म्हणजे सुमारे ४००० एमबी माहिती वाचावी लागते. जुन्या यूएसबी २ खाचेतून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास माहिती येते. म्हणजे जवळजवळ दोन मिनिटे वाट पाहणे आले. यूएसबी ३ खाचेला लावलेली फिरत्या तबकडीची बाहेरची हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी देते असे धरले, तर अर्धा मिनिट पुरतो. त्याच खाचेला लावलेली बाहेरची एसएसडी ४०० एमबी देऊ शकते, म्हणजे दहा सेकंद. शिवाय आलेली माहिती उलगडायचे काम प्रोसेसरला करावे लागते, त्याचा वेळ वेगळा.

हा हिशेब सलग वाचनाचा झाला. गेमची माहिती मात्र हजारो लहान तुकड्यांत विखुरलेली असते. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी सुई हलवावी लागते आणि दर वेळी काही मिलिसेकंद जातात. त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा खरा वेळ दीडपट-दुप्पट होऊ शकतो. एसएसडीत सुईच नसते. स्वस्त पेनड्राइव्हचे दुखणे निराळे आहे. एक मोठी फाइल तो झटपट वाचून दाखवतो, पण लहान तुकडे मागितले की मंदावतो, आणि लिहिताना तर फारच. सेकंदाला १५ एमबी वेगाने ६० जीबीचा गेम त्यावर उतरवायला तासाहून जास्त वेळ लागतो. पुढे प्रत्येक अपडेट आला की पुन्हा तोच जाच. खरा त्रास खेळण्यापेक्षा तिथे होतो, असे आमचे मत आहे.

गेम एकदा मेमरीत चढला की ड्राइव्हचा संबंध बराच सुटतो. पत्ते, बुद्धिबळ किंवा लहान मैदानाचा खेळ असेल तर सुरुवातीचा उशीर सोडला तर फरक जाणवणार नाही. गाडी चालवत मोठ्या शहरातून फिरण्याचे गेम मात्र चालू असतानाच पुढची माहिती वाचत राहतात. तिथे ड्राइव्ह मंद असेल तर रस्ता धूसर दिसतो, घरे उशिरा उगवतात, खेळ क्षणभर अडखळतो.

दोष ड्राइव्हचाच आहे का, हे तपासणे सोपे आहे. विंडोजमध्ये Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबा, Task Manager उघडेल. त्यात Performance मध्ये त्या ड्राइव्हचे नाव निवडा आणि गेम लोड होऊ द्या. Active time शंभर टक्क्यांजवळ चिकटून राहिले आणि CPU निवांत असेल, तर ड्राइव्ह मागे पडतो आहे. ड्राइव्ह निवांत आणि CPU धापा टाकत असेल, तर नवी एसएसडी घेऊन फारसे हाती लागणार नाही. पैसे खर्च करण्याआधी खाचही बदलून पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर यूएसबी ३ ची खाच आतून निळी असते किंवा तिच्याशेजारी SS अशी खूण असते. पण निळा रंग सर्व कंपन्या पाळत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपची माहितीपुस्तिकाही बघावी.

कन्सोलचे नियम वेगळे आहेत. प्लेस्टेशन ४ मध्ये मुळातच फिरती हार्ड डिस्क असते, म्हणून यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावली तरी लोड होण्याचा वेळ साधारण तेवढाच राहतो. त्यात बाहेरची एसएसडी लावली तर बरेच गेम लवकर उघडतात. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस यांत मात्र खास त्यांच्यासाठी बनलेले गेम यूएसबी ड्राइव्हवरून खेळता येत नाहीत. ते तिथे फक्त साठवता येतात आणि खेळण्यापूर्वी परत आत आणावे लागतात. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनसाठी निघालेले जुने गेम बाहेरूनही चालतात. म्हणून जुने गेम बाहेर आणि नवे आत, अशी वाटणी ठेवावी.

गेम चालू असताना किंवा अपडेट उतरत असताना ड्राइव्ह ओढून काढू नये. फाइल अर्धवट राहते आणि बऱ्याचदा सगळा गेम नव्याने उतरवावा लागतो. घरात मोजके इंटरनेट असेल तर त्या एका झटक्यात महिन्याचा डेटा संपतो.