‘नाही’ म्हणताना दुसरी वेळ सुचवा



गेल्या महिन्यात माझा भाचा आमच्या मीरा रोडच्या घरी आला तो चेहरा पाडूनच. नोकरीला लागून चारच महिने झालेले. “खाला, माझं काम दुसऱ्याला दिलं,” म्हणाला. कारण विचारलं, तर साधंच निघालं. शुक्रवारी दीड ते अडीच अशी मीटिंग ठरली होती. ती वेळ जुम्म्याची. त्याने कॅलेंडरच्या निमंत्रणावर `Decline` दाबलं आणि नमाजेला गेला. मीटिंग बोलावणाऱ्या मॅडमना दिसलं ते एवढंच, की हा येणार नाही. का येणार नाही आणि केव्हा येऊ शकेल, याचा एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

घरी कोणी दावत द्यायला आलं आणि त्या दिवशी जमणार नसेल, तर आपण नुसतं “नाही” म्हणून दार लावत नाही. “इतवारी आलो तर चालेल का?” असं विचारतो. आउटलुकमध्ये याच कामासाठी `Propose New Time` आहे. गुगल कॅलेंडरमध्येही `Propose a new time` मिळतं. मग दोघांनी बसून ते नीट समजून घेतलं.

आउटलुकमध्ये तिथे दोन पर्याय येतात. `Tentative and Propose New Time` म्हणजे “ठरलेली वेळही कदाचित जमेल, पण ही बरी पडेल.” `Decline and Propose New Time` म्हणजे “ठरलेल्या वेळी येताच येणार नाही, ही वेळ चालेल का?” अनेक जण नम्रता म्हणून पहिला पर्याय निवडतात. पण येणं शक्यच नसेल तर ती नम्रता नव्हे. समोरचा आपली वाट बघत राहतो. जुम्म्याच्या वेळेसाठी दुसरा पर्यायच खरा.

पुढच्या मंगळवारी पुन्हा शुक्रवारी दीडचं निमंत्रण आलं. त्याने त्याच दिवशी उत्तर द्यायचं ठरवलं. साडेतीनची वेळ टाकणार, तोच मी म्हटलं, “आधी बाकीचे मोकळे आहेत का ते बघ.” वेळ निवडायच्या त्याच खिडकीत इतरांच्या व्यग्र वेळेच्या पट्ट्या दिसतात. साडेतीनला दोघे अडकलेले होते. पावणेतीन ते पावणेचार सगळे मोकळे होते. तीच वेळ सुचवली. प्रस्तावात एकच वेळ टाकता येते, म्हणून दुसरी सोय पत्रात लिहिली: “शुक्रवारी १ ते २ मी नमाजेसाठी बाहेर असतो. २.४५ ला सगळे मोकळे दिसतात. ते जमत नसेल तर सकाळी ११.३० लाही मी तयार आहे.” कारण एका ओळीत सांगितलं की पुरे, लांबलचक माफी नको.

इथे एक गोष्ट विसरू नये. प्रस्ताव पाठवल्याने मीटिंग हलत नाही. तो फक्त बोलावणाऱ्याकडे जातो. त्यांनी मान्य करून सर्वांना नवं निमंत्रण पाठवेपर्यंत जुनीच वेळ पक्की असते. शिवाय आउटलुकमध्ये `Decline` केल्यावर ती मीटिंग सहसा आपल्या कॅलेंडरमधून निघून जाते, आणि सुचवलेली वेळही आपोआप राखली जात नाही. म्हणून भाच्याने पावणेतीनचा तास स्वतःच अडवून ठेवला. नाहीतर तिथे दुसरंच कोणी मीटिंग टाकायचं आणि आपण आपल्याच शब्दाला खोटे पडायचो.

मॅडमनी प्रस्ताव मानला. समजा मानला नसता, तर लगेच तिसरी वेळ पाठवणं बरं नव्हे. “मीटिंगमध्ये काय ठरलं ते कळवा, माझा भाग मी आधीच लिहून पाठवतो,” एवढं म्हणावं. दोघा-तिघांच्या मीटिंगला वेळ बदलायला सांगणं सोपं असतं. वीस जणांची असेल तर एकट्यासाठी सगळ्यांना हलवू नये.

आणि हीच मीटिंग दर शुक्रवारी असेल तर? आउटलुकमध्ये संपूर्ण मालिकेसाठी वेळ सुचवता येत नाही, एका वेळच्या मीटिंगसाठीच येते. दर आठवड्याला तेच बटण दाबत राहिलं तर ती कटकट वाटते. अशा वेळी एकदाच समोर बसून सांगावं, “दर शुक्रवारी १ ते २ मी नसतो, मीटिंग अडीचनंतर ठेवता येईल का?”

आता उलट बाजू. मीटिंग तुम्ही बोलावली असेल आणि कोणी वेळ सुचवली, तर हो किंवा नाही, पण त्याच दिवशी कळवा. उत्तर न मिळालेला माणूस दोन्ही वेळा अडवून बसतो.

परवा भाच्याचा फोन आला. शुक्रवारच्या मीटिंगचं निमंत्रण आता पावणेतीनचंच येतं, अल्हम्दुलिल्लाह.