गृहोद्योगाच्या वाटेवर : अर्ध्या मिनिटात एक पिशवी

वणीच्या एक बाई घरी मांजरपाटाच्या बाजारपिशव्या शिवतात. पिशवीचा व्हिडिओ मोबाइलवर काढून त्या ओळखीच्या मंडळींना पाठवितात व मागणी आली की टपालाने माल रवाना करितात. मध्यंतरी त्यांच्या तीन पिशव्या परत आल्या. शिवण चोख होती, कापड जाड होते. परंतु तिन्ही ठिकाणांहून तक्रार एकच : ‘‘चित्रात मोठी वाटली होती.’’ एका पिशवीमागे सुटणारे चाळीस रुपये दुहेरी टपालखर्चातच बुडाले. बाईंनी तो व्हिडिओ आमच्याकडे पाठविला, त्यावरून हे टिपण.

तीस सेकंदांपैकी पहिली बारा सेकंदे नमस्कार, स्वतःची ओळख आणि घरगुती उद्योगाची महती यांतच खर्ची पडली होती. पुढे ‘भरपूर मोठी, मजबूत, अगदी वाजवी दरात’ एवढेच शब्द होते. भरपूर म्हणजे किती आणि वाजवी म्हणजे किती, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नव्हता. शिवाय बाईंनी पिशवी हात लांब करून भिंगापुढे धरली होती. भिंगाच्या जवळची वस्तू मागच्या माणसाच्या मानाने फार मोठी दिसते, आणि तीन गिऱ्हाइकांची फसगत झाली ती येथेच. फसविण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. दुकानात गिऱ्हाईक पिशवी स्वतः हाती घेऊन पाहते; येथे तो हात नाही, म्हणून त्याचे काम विकणाराने करावयाचे असते.

आता नवा मजकूर कसा बेतावा? सावकाश, स्पष्ट मराठी बोलल्यास सेकंदाला सुमारे दोन शब्द होतात. तेव्हा सगळे मिळून 55 ते 60 शब्दच हाती आहेत. ते आम्ही पुढीलप्रमाणे वाटून दिले.

पहिली सात सेकंदे उपयोगाची. बटाटे भरलेली पिशवी ओट्यावरून उचलावी व म्हणावे : ‘‘या पिशवीत पाच किलो बटाटे आहेत. बंद दुहेरी शिवले आहेत, म्हणून उचलताना उसवत नाहीत.’’

पुढची आठ सेकंदे आकाराची : ‘‘ही पाहा टेप: रुंदी पंधरा इंच, उंची सोळा, बूड चार. बंद खांद्यावर असे येतात.’’ येथे टेप पिशवीला टेकलेली असावी, आणि खांद्याला लावताना पिशवी अंगाशी धरावी, पुढे करू नये.

मग सहा सेकंदे कापडाची : ‘‘जाड मांजरपाट आहे, आधी धुऊन आटवलेला, म्हणून घरी फारसा आटत नाही.’’ हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे. कोरे मांजरपाट पहिल्या धुण्यात आटते. न भिजविता शिवलेली पंधरा इंची पिशवी धुतल्यावर पंधराची राहत नाही, आणि मग टेप दाखवूनही शब्द खोटा पडतो.

उरलेली नऊ सेकंदे किमतीची : ‘‘किंमत एका पिशवीची एकशे वीस रुपये. वणीत घरपोच, बाहेरगावी टपालखर्च वेगळा. हवी असल्यास खालच्या क्रमांकावर ‘पिशवी’ एवढेच लिहा.’’ किंमत व मापे पडद्यावर ठळक अक्षरांतही असावीत, कारण पुष्कळ मंडळी आवाज बंद ठेवूनच पाहतात.

हे एकूण 57 शब्द झाले. दुसऱ्या रंगाची पिशवी, डझनाचा दर, सणाची सवलत यांना येथे जागा नाही; ती माहिती व्हिडिओखाली लिहावी. एकात दोन वस्तू घातल्या की कोणते माप कोणाचे, याचा घोटाळा होतो. चित्रण करताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर त्याची घरघर नेमकी आकड्यांवर येते. आणि खिडकी पाठीशी न घेता समोर घ्यावी.

व्हिडिओ साधला की नाही, हे धाडण्यापूर्वी घरातच कळते. ज्यांनी पिशवी पाहिलेली नाही अशा वडील माणसास तो एकदा आवाज बंद करून दाखवावा आणि किंमत विचारावी. नंतर दोन्ही हातांच्या अंतराने पिशवीची रुंदी दाखवावयास सांगावे, व मग खरी पिशवी त्या हातांत द्यावी. बाईंच्या सासूबाईंनी जुना व्हिडिओ पाहून हात जवळजवळ दोन फूट फाकले होते. नवा व्हिडिओ मुद्दाम शेजारच्या आजींना दाखविला, कारण सासूबाईंना पिशवी आता माहीत झाली होती. आजींच्या हातांत पिशवी ठेवली, तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरली. बाईंनी तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी पाठविला. पहिला पाठविला त्या तिघा जुन्या गिऱ्हाइकांना.